सहा गुण मिळाले म्हणजे माणूस एकाकी झाला का?

ताप मोजायला तापमापी आहे, रक्तदाब मोजायला पट्टा आहे. एकाकीपणा मोजायला काय आहे? गेली वीस वर्षे जगभरच्या पाहण्यांमध्ये या कामासाठी अवघ्या तीन प्रश्नांची एक मोजपट्टी वापरली जात आहे. ती विचारायला दोन मिनिटे पुरतात, गुणांची बेरीज सातवीतला मुलगाही करू शकतो, आणि ती वापरायला महागडे उपकरण लागत नाही. त्यामुळे महाविद्यालयांतील प्रकल्पांत, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत आणि शाळांच्या उपक्रमांतही ती सहज शिरते. मोजपट्टी चांगली आहे. तिच्यावरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र पुष्कळदा चांगले नसतात. या लेखात वाशीम जिल्ह्यातील वृद्धांचे उदाहरण समोर ठेवून तिची परीक्षा करायची आहे.

प्रथम मोजपट्टीचा इतिहास थोडक्यात पाहू. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रसेल, पेपलाऊ आणि फर्ग्युसन यांनी १९७८ मध्ये वीस विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून तिला यूसीएलए एकाकीपणा मापनश्रेणी असे नाव पडले. १९८० आणि १९९६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ही प्रश्नावली कागदावर स्वतः भरायची होती आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती सहज जमत असे. परंतु हजारो वृद्धांना दूरध्वनीवरून वीस विधाने वाचून दाखवणे शक्य नव्हते. म्हणून ह्यूज, वेट, हॉक्ली आणि कॅसिओपो या चौघांनी २००४ मध्ये त्यांतून तीन प्रश्न निवडले. मराठीत ते साधारणपणे असे मांडता येतील : आपल्याला सोबत नाही असे किती वेळा वाटते? आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते? आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते? प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरे आहेत. ‘क्वचित किंवा कधीच नाही’ याला १ गुण, ‘कधी कधी’ याला २ आणि ‘बरेचदा’ याला ३. म्हणजे बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ९ होते.

या तीन प्रश्नांत ‘एकाकी’ हा शब्द कुठेही नाही, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. हे मुद्दाम केलेले आहे. “तुम्ही एकाकी आहात का?” असे तोंडावर विचारले तर बरीच माणसे, विशेषतः पुरुष, नाही म्हणतात, कारण हो म्हणणे म्हणजे आपली मुले आपल्याकडे पाहत नाहीत अशी कबुली देण्यासारखे वाटते. आडवळणाने विचारले की ही अडचण थोडी कमी होते. या मोजपट्टीचा हा खरा गुण आहे.

दुसरा गुण असा की तिच्या कर्त्यांनी ती तपासून पाहिली. एकाच लोकांना वीस विधाने आणि हे तीन प्रश्न विचारले असता दोन्ही गुणांचा सहसंबंध ०.८२ आला. तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वसनीयतेचा आकडा ०.७२ आला. तीन प्रश्नांच्या मानाने हे चांगले आकडे आहेत. याच शोधनिबंधात आणखी एक निरीक्षण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोलाचे आहे. माणूस एकटा राहतो का, त्याला मित्र किती, तो लोकांत किती मिसळतो या बाहेरून मोजता येणाऱ्या गोष्टींचा या गुणांशी संबंध होता, पण तो माफकच होता. एकटे असणे आणि एकाकी वाटणे या दोन वेगळ्या राशी आहेत. एखादी आजी घरात एकटी राहून समाधानी असेल आणि दुसरी दहा माणसांच्या घरात एकाकी असेल. माणसाला हवे असलेले संबंध आणि त्याच्या वाट्याला आलेले संबंध यांच्यातील अंतर ही मोजपट्टी मोजते. घरातली डोकी ती मोजत नाही.

आता वाशीमकडे वळू. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्या, आणि बहुतेकांचा संसार सोयाबीन, तूर, कापूस यांच्या कोरडवाहू शेतीवर. खरीप निघाल्यावर हाताला काम उरत नाही. त्यामुळे दसरा-दिवाळीनंतर अनेक तांड्यांवरची आणि गावांतली तरुण जोडपी ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातात आणि उन्हाळ्यात, पाऊस लागण्याच्या आत, परततात. मागे म्हातारे आईबाप राहतात, आणि पुष्कळ घरांत शाळेत जाणारी नातवंडेही त्यांच्याच भरवशावर राहतात. शिक्षकांना ही गोष्ट नवी नाही. पालकसभेला हिवाळ्यात कोण येते, हे त्यांनी पाहिलेले असते. अशा ठिकाणी वृद्धांच्या एकाकीपणाची पाहणी करावी असे कोणा उत्साही शिक्षकाला किंवा बारावीच्या विद्यार्थ्यांना वाटले तर ते स्वाभाविकच आहे.

या विषयावर देशपातळीवरचा आकडा आधीच आहे ना, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या साहाय्याने २०१७ ते २०१९ या काळात ‘लासी’ नावाची मोठी पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांच्या पुढच्या बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची त्यात मुलाखत झाली. परंतु तिचा नमुना राज्यांचे आकडे मिळावेत अशा बेताने निवडलेला होता, जिल्ह्यांचे नव्हे. वाशीमसाठी वेगळा आकडा त्यातून काढता येत नाही. शिवाय आपल्या तीन प्रश्नांची मोजपट्टी त्यात नाही. नैराश्य मोजणाऱ्या दहा प्रश्नांत एक प्रश्न असा आहे की गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा एकटे वाटले. अनेक संशोधकांनी त्या एका प्रश्नालाच एकाकीपणाचे माप मानून निबंध लिहिले आहेत. त्यातला एक धोका चटकन दिसत नाही. हा प्रश्न मुळात नैराश्याच्या बेरजेतला एक भाग आहे. तो तसाच बेरजेत ठेवून “एकाकी माणसांत नैराश्य अधिक आढळते” असे म्हणणे म्हणजे एकूण गुणांत गणिताचे गुण धरायचे आणि मग गणितात हुशार मुलांचे एकूण गुण अधिक येतात असा शोध जाहीर करायचा. काळजीपूर्वक लिहिणारे तो प्रश्न बेरजेतून आधी काढून टाकतात. निबंध वाचताना हे केले आहे की नाही, एवढे पाहिले तरी बराच भुसा बाजूला होतो.

म्हणजे वाशीमसाठी आपल्यालाच विचारावे लागणार. तर मग पहिला प्रश्न भाषांतराचा. इंग्रजी प्रश्न शब्दकोश समोर ठेवून मराठीत आणला की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात इथेच मोजपट्टीचे आकडे पुसले जाण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

‘सोबत’ हाच शब्द घ्या. पुस्तकी मराठीत सोबत म्हणजे सहवास. परंतु खेड्यात रात्रीची सोबत, बाजाराला जायला सोबत, दवाखान्यात सोबत, असा त्या शब्दाचा अर्थ अगदी प्रत्यक्ष आहे. ज्या आजीजवळ रात्री नातू झोपायला येतो ती “सोबत नाही असे वाटते का?” या प्रश्नाला सरळ नाही म्हणेल, आणि खरेच सांगत असेल. तिला विचारायचे होते ते वेगळेच. तिसऱ्या प्रश्नातही अशीच अडचण आहे. ‘विलग’ हा शब्द कोशात निर्दोष असला तरी २०२० नंतर तो उच्चारताच लोकांना करोनाचे विलगीकरण केंद्र आठवते. ‘तुटलेले’ म्हटले तर गावापासून दोन किलोमीटर दूर असलेल्या तांड्यावरचा म्हातारा रस्त्याबद्दल बोलू लागतो : पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की आम्ही तुटतोच! त्याचे उत्तर ३ गुणांचे, पण ते गुण पुलाच्या अभावाचे आहेत. मधला प्रश्न त्या मानाने सोपा जातो. ‘घरात कोणी विचारत नाही’ हा वऱ्हाडात रुळलेला वाक्प्रचार मूळ अर्थाच्या बराच जवळ आहे. मात्र तोही शेतीच्या वाटणीचा राग बरोबर घेऊन येतो, हे ध्यानात ठेवावे.

वऱ्हाडी बोलीत या भावनेला आपला असा एक शब्द आहे. “मले गमत नाही” असे माणूस सहज म्हणतो. करमत नाही, जीव लागत नाही, सुने सुने वाटते, असा सारा अर्थ त्यात येतो, आणि तो म्हणण्यात कमीपणा वाटत नाही. मग हाच शब्द प्रश्नात का घालू नये? मोह होतो, पण सावध राहावे लागते. काम नसले तरी गमत नाही, तब्येत बरी नसली तरी गमत नाही, लेक सासरी गेली तरी गमत नाही. शब्द ओळखीचा आहे म्हणून तो नेमका आहे असे होत नाही. माझा सल्ला असा की तीन प्रश्नांच्या नंतर, त्यांच्या बेरजेत न मिळवता, हा चौथा प्रश्न वेगळा विचारावा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानेही २०१८ मध्ये असेच सुचवले : हे तीन आडवळणाचे प्रश्न आणि त्यांच्या जोडीला एक थेट प्रश्न. दोन्हींची उत्तरे जुळली नाहीत तर तीही माहितीच असते.

भाषांतर तपासण्याची एक जुनी रीत आहे. मराठी प्रश्न मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचे आणि ताडून पाहायचे. हे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. कारण परत भाषांतर करणारा शिकलेला असतो, त्याला ‘सोबत’चा पुस्तकी अर्थच आधी सुचतो. म्हणून पाहणीपूर्वी आठ-दहा वृद्धांना प्रश्न विचारून, त्यांनी उत्तर दिल्यावर, “आजी, हे सांगताना तुमच्या मनात काय आलं?” असे विचारावे आणि ते शब्दशः लिहून घ्यावे. नाल्याचे पाणी, नातवाची झोप आणि वाटणीचे भांडण तिथेच उघडकीला येते. मानोरा तालुक्यात, जिथे बंजारा समाजाचे पोहरादेवी हे तीर्थ आहे, घरची बोली गोरबोली असते. तिथे हेच काम त्या बोलीत पुन्हा करावे लागते. मुलाने आयत्या वेळी आपल्या मनाने भाषांतर करून विचारले तर प्रत्येक मुलाची मोजपट्टी निराळी होईल.

भाषा जमली असे धरून पुढे जाऊ. समजा एका शाळेने १२० वृद्धांना हे तीन प्रश्न विचारले. त्यांपैकी ६० जणांची मुले कामासाठी बाहेरगावी गेलेली आहेत आणि ६० जणांची मुले गावातच आहेत. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, अशी पाहणी झालेली नाही.) पहिल्या गटाची सरासरी ५.२ आली, दुसऱ्याची ४.६. दोन्ही गटांत प्रमाण विचलन १.५ आहे. आता या आकड्यांतून काय काय म्हणता येईल?

एका माणसापासून सुरुवात करू. एका आजोबांना ६ गुण मिळाले. मापनात किती चूक संभवते हे काढायचे सूत्र असे की प्रमाण विचलनाला, १ मधून विश्वसनीयता वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचे. विश्वसनीयता ०.७२ धरली तर ०.२८ चे वर्गमूळ ०.५३ आणि त्याची १.५ पट म्हणजे सुमारे ०.८. शंभरात पंच्याण्णव वेळा खरा गुण ज्या पट्ट्यात असेल तो याच्या साधारण दुप्पट, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड गुणाचा. आजोबांचा खरा गुण साडेचार ते साडेसात यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ३ ते ९ एवढ्याच लांबीच्या पट्टीवर हा अर्धा पसारा झाला! ज्या फूटपट्टीवर तीन इंच पुढेमागे होतात तिच्याने सुतार दाराची चौकट मापणार नाही. तेव्हा या मोजपट्टीवरून अमुक आजोबा एकाकी आहेत असा शिक्का मारणे चूक आहे. विश्वसनीयता ०.७२ हा आकडाही अमेरिकेतला आहे. आपल्याकडे तो आपल्याच उत्तरांवरून काढावा लागतो आणि तो कमी निघण्याची शक्यता मोठी.

तरीही बहुतेक अहवालांत “६ किंवा अधिक गुण म्हणजे एकाकी” अशी रेघ मारलेली असते. ही रेघ आली कोठून? इंग्लंडमध्ये ५२ वर्षांवरील सुमारे साडेसहा हजार लोकांच्या अभ्यासात स्टेप्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शातील लोकांना एकाकी म्हटले, आणि त्यांच्या नमुन्यात तो हिस्सा ६ गुणांपासून सुरू होत होता. म्हणजे ती वर्गात वरून पहिले वीस टक्के निवडण्यासारखी रेघ होती. रक्तातील साखरेला जशी रोगाची मर्यादा असते तसे तिच्यात काहीही नाही. तीच रेघ वाशीमला आणून “आमच्याकडे एवढे टक्के एकाकी” म्हणण्याला काही आधार उरत नाही.

आणि ही रेघ माणसांना कशी विभागते तेही पाहा. एक आजोबा स्वभावाने मवाळ. तिन्ही प्रश्नांना “हाय, कधी कधी” म्हणाले. २ अधिक २ अधिक २, गुण ६. अहवालात एकाकी. शेजारच्या आजींचे यजमान गेल्या वर्षी वारले. घर भरलेले आहे, सून चांगली आहे, कोणी वगळत नाही, कोणापासून तुटलेल्या नाहीत. फक्त सोबत नाही असे मात्र बरेचदा, रोज रात्री, वाटते. ३ अधिक १ अधिक १, गुण ५. अहवालात एकाकी नाहीत. आपल्यापैकी कोणालाही या दोघांपैकी आधी कोणाकडे जावे हे सांगायला मोजपट्टी लागणार नाही. म्हणून बेरजेबरोबर तिन्ही उत्तरे वेगवेगळी जपून ठेवावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आजींच्या उदाहरणातून या मोजपट्टीची एक मूळची उणीवही दिसते. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले होते. जवळचे एक माणूस गेल्याने येतो तो भावनिक एकाकीपणा, आणि आपला असा गोतावळा नसल्याने येतो तो सामाजिक. पहिला प्रकार नवे दहा परिचित मिळाल्याने भरून निघत नाही. रिसोडहून बारावी होऊन पुण्याच्या वसतिगृहात गेलेल्या मुलाची स्थिती बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. आईबाप दूरध्वनीवर रोज बोलतात, पण जेवायला बरोबर कोणी नसते. आपल्या आजींची स्थिती पहिल्या प्रकारची आहे. तीन प्रश्नांची बेरीज या दोघांत फरक करत नाही. हॉलंडमधील डी याँग खीरवेल्ड आणि व्हान टिलबर्ख यांनी २००६ मध्ये सहा विधानांची मोजपट्टी दिली, तिच्यात तीन विधाने भावनिक आणि तीन सामाजिक एकाकीपणाची आहेत. शिवाय सामाजिक बाजूची विधाने होकारार्थी आहेत, उदाहरणार्थ अडचणीत भरवसा ठेवता येईल अशी पुष्कळ माणसे आहेत का, अशा धर्तीची. त्याचा फायदा असा की प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा माणूस ओळखू येतो. आपल्या तीन प्रश्नांत तिन्ही एकाच दिशेचे आहेत. घरी आलेल्या मास्तरांना नाही कसे म्हणायचे म्हणून हो म्हणणारा त्यात सरळ ९ गुणांवर जाऊन बसतो. वेळ दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटे देता येत असेल तर मी सहा विधानांची मोजपट्टी पसंत करीन.

परत आपल्या दोन गटांकडे येऊ. एका माणसाच्या बाबतीत जी चूक मोठी ठरते ती साठ जणांच्या सरासरीत बरीचशी जिरते, कारण कोणाचा गुण चुकून जास्त तर कोणाचा कमी आलेला असतो. ५.२ आणि ४.६ यांतला फरक ०.६. दोन सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी या आकड्यांवरून सुमारे ०.२७ येते, म्हणजे खरा फरक साधारणपणे ०.०५ ते १.१५ या पट्ट्यात असावा. शून्य या पट्ट्याच्या बाहेर आहे. निव्वळ योगायोगाने एवढा फरक येणे संभवत नाही, असे म्हणता येते. इथवर ठीक. आता बहुतेक लेखक पुढचे वाक्य लिहितात : “मुलांच्या स्थलांतरामुळे वृद्धांचा एकाकीपणा वाढतो.”

थांबा. पहिल्या गटातील ६० पैकी ३६ जणांचा जोडीदार हयात नाही आणि दुसऱ्या गटात असे १८ जण आहेत, असे समजा. आता दोन्ही गटांत जोडीदार नसलेल्यांची सरासरी ६ आणि असलेल्यांची ४ निघाली. करून पाहा. पहिल्या गटात ३६ गुणिले ६ म्हणजे २१६, अधिक २४ गुणिले ४ म्हणजे ९६, एकूण ३१२. भागिले ६०, उत्तर ५.२. दुसऱ्या गटात १८ गुणिले ६ म्हणजे १०८, अधिक ४२ गुणिले ४ म्हणजे १६८, एकूण २७६. भागिले ६०, उत्तर ४.६. म्हणजे सगळाच्या सगळा फरक जोडीदार नसल्याने आलेला असून मुले बाहेर जाण्याचा त्यात वाटा शून्य आहे! असेच प्रत्यक्षात असेल असे मी म्हणत नाही. पण गट न फोडता फक्त दोन सरासऱ्या छापणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. जोडीदार, ऐकू येणे, गुडघे आणि घरची परिस्थिती या चार गोष्टी विचारल्याशिवाय स्थलांतराला दोष किंवा श्रेय देऊ नये. त्यांतही ऐकू कमी येण्याकडे विशेष लक्ष हवे. ज्यांना कमी ऐकू येते ते गप्पांतून आपोआप बाहेर पडतात आणि एकाकी होतात. शिवाय आपला प्रश्नही त्यांना नीट ऐकू जात नाही, आणि ते अंदाजाने मान हलवतात. एकच कारण, पण ते गुणांना खरोखर वाढवते आणि मापन बिघडवतेही.

विचारण्याचा दिवस कोणता हेही गुणांत उतरते. वाशीमच्या तांड्यावर जानेवारीत आणि मे महिन्यात विचारलेले प्रश्न दोन वेगळ्या गावांत विचारल्यासारखे आहेत. जानेवारीत निम्मी घरे बंद असतात. मे महिन्यात माणसे परत आलेली असतात, लग्नसराई असते. एकदाच विचारायचे असेल तर महिना अहवालात ठळक लिहावा. जमले तर त्याच माणसांना दोन्ही वेळा विचारावे. मग प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी होते आणि जोडीदार असण्या-नसण्याचा गोंधळ बराचसा टळतो. वसतिगृहातील विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. नवोदय विद्यालयांत नववीतील साधारण तीस टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील विद्यालयात जातात. जुलैत त्यांचे गुण चढलेले दिसले तर त्यावरून योजना वाईट ठरत नाही. दिवाळीनंतर ते उतरतात की नाहीत, हे पाहायला हवे. मात्र दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांचे प्रश्न विचारू नयेत. ब्रिटिश कार्यालयाने त्यांच्यासाठी शब्द सोपे केले आहेत : बोलायला कोणी नाही असे किती वेळा वाटते, वगळल्यासारखे किती वेळा वाटते, एकटे किती वेळा वाटते.

मोजमाप बिघडले आहे हे ओळखायच्या काही खुणा उत्तरांच्या तक्त्यातच असतात. एकाच विद्यार्थ्याने आणलेल्या बारा उत्तरांची सरासरी इतरांपेक्षा दीड गुणाने वेगळी असेल तर फरक त्याच्या विचारण्यात असण्याचा संभव अधिक. निम्म्या लोकांनी तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले असेल तर त्यांनी प्रश्न वेगळे म्हणून ऐकले का, ही शंका घ्यावी. आणि सून शेजारी बसलेली असताना मिळालेले ३ गुण व आजी अंगणात एकटी असताना मिळालेले ३ गुण हे एक नव्हेत. सून वाईट असते म्हणून नव्हे. तिच्यासमोर ‘मला कोणी विचारत नाही’ म्हणणे ही तक्रार होते, आणि तक्रार करायची की नाही हे आजी ठरवते.

यात आणखी एक जबाबदारी येते. मुलांनी आपल्याच आजी-आजोबांना हे प्रश्न विचारू नयेत. दुसऱ्या घरी जावे आणि बरोबर मोठे माणूस असावे. नावे तक्त्यात लिहू नयेत, कारण ‘एकाकी वृद्धांची यादी’ गावात फिरली की तिच्यातल्या मुलांची बदनामी होते आणि पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही. एखाद्याचे बोलणे अगदी जिवावर उदार झाल्यासारखे वाटले तर गुणांची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घरी ठेवून यावा, गुण कितीही असोत.

स्टेप्टो यांच्या त्याच इंग्लिश अभ्यासाचा निष्कर्ष मात्र उद्धृत करताना बरेचदा अर्धाच सांगितला जातो. २०१२ पर्यंत त्या लोकांपैकी कोण मरण पावले हे पाहिले तेव्हा एकाकी आणि लोकांपासून दूर राहणारे, दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. पण आधीचे आजार, वय, आर्थिक स्थिती यांचा हिशेब घेतल्यावर एकाकीपणाचा स्वतंत्र संबंध उरला नाही. माणसांशी संपर्कच कमी असण्याचा संबंध मात्र टिकून राहिला. दुसऱ्या काही अभ्यासांत वेगळे निकाल आले आहेत, म्हणून हाच शेवटचा शब्द नव्हे. पण वाशीमच्या पाहणीत त्यामुळे आणखी एक रकाना वाढतो : गेल्या सात दिवसांत घराबाहेरच्या किती माणसांशी बोलणे झाले. हा आकडा तीन प्रश्नांच्या गुणांत मिळवायचा नाही, शेजारी लिहायचा. ज्यांच्याकडे सात दिवसांत कोणी फिरकले नाही आणि तरी जे “मले काही कमी नाही” म्हणतात, त्यांचे ३ गुण आणि तो शून्य एकाच ओळीत दिसले पाहिजेत.